'स्वतःच्या जबाबदारीवर पोहा' ही पाटी हॉटेलला वाचवते का?

"हॉटेलच्या पोहण्याच्या तलावावर 'स्वतःच्या जबाबदारीवर पोहा' अशी पाटी असली, की मूल बुडालं तरी हॉटेलवर केस होत नाही."

हे खरं नाही. निष्काळजीपणामुळे झालेला मृत्यू भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली गुन्हा आहे. कलम काढून वाचा, पाटीसाठी त्यात अपवाद नाही. भरपाईचा दावा वेगळा करता येतो.

मुख्य प्रश्न असतो, त्या क्षणी जीवरक्षक कुठे होता? बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही, म्हणून जीवरक्षकाची नजर पाण्यावरच हवी. त्याला टॉवेल वाटायला पाठवलं असेल, तर पाठवणारा व्यवस्थापकही अडचणीत येऊ शकतो. आईवडिलांच्या दुर्लक्षाने भरपाई कमी होऊ शकते, पण हॉटेलचं कर्तव्य संपत नाही. जीवरक्षक कुठे होता हे दाखवता यावं म्हणून ड्यूटी रजिस्टर आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करावी, कारण चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जाऊ शकतं.