कन्सॉलिडेटरचे स्वस्त विमानभाडे : लंडनच्या बकेट शॉपपासून आजच्या नेट फेअरपर्यंत

एकाच विमानात, एकाच रांगेत बसलेल्या दोन प्रवाशांनी वेगवेगळे भाडे मोजलेले असते, ही गोष्ट आता सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. मात्र एजंटाकडून घेतलेले तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरच्या दरापेक्षा स्वस्त का मिळते, आणि तेच तिकीट बदलायला गेल्यावर कंपनीचा काउंटर ‘तुमच्या एजंटाकडे जा’ असे का सांगतो, या दोन प्रश्नांचे उत्तर एकाच इतिहासात दडलेले आहे. तो इतिहास मुख्यतः 1970 च्या दशकातल्या लंडनमध्ये घडला.

दुसऱ्या महायुद्धानंतर आंतरराष्ट्रीय विमानभाडे बाजारात ठरत नसे. 1945 मध्ये हवाना येथे स्थापन झालेल्या आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेच्या परिषदांमध्ये सदस्य कंपन्या एकत्र बसून भाडे ठरवीत, त्यासाठी एकमत आवश्यक असे, आणि दोन्ही टोकांच्या सरकारांनी मान्यता दिली की तेच भाडे बंधनकारक होई. कोणी त्याहून कमी दराने तिकीट विकल्यास संघटनेचे तपासनीस चौकशी करीत आणि कंपनीला दंड होई. जोवर विमाने लहान होती आणि प्रवासी मर्यादित होते, तोवर ही व्यवस्था कशीबशी चालली.

जानेवारी 1970 मध्ये पॅन ॲमचे बोइंग 747 न्यूयॉर्क–लंडन मार्गावर उडू लागले आणि हे गणित बिघडले. आधीच्या जेट विमानांच्या साधारण दुप्पट प्रवासी नेणारी ही विमाने जवळपास प्रत्येक मोठ्या कंपनीने मागवली होती, कारण प्रतिस्पर्ध्याकडे असताना आपल्याकडे नसणे कोणालाच परवडणारे नव्हते. पाठोपाठ 1973 चे तेलसंकट आले, इंधन महागले, मागणी मंदावली, आणि अर्ध्या रिकाम्या विमानांचे उड्डाण हा रोजचा प्रकार झाला. विमानाचे दार बंद झाल्यावर रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. ते भरण्यासाठी इंधन, जेवण आणि तिकिटाचा किरकोळ खर्च वगळता कंपनीला फारसे काही लागत नाही, म्हणून ठरलेल्या भाड्याच्या निम्मी रक्कम हाती आली तरी तो फायदाच असतो.

पण दर उघडपणे कमी करणे शक्य नव्हते. एक तर ते नियमबाह्य होते, आणि दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, पूर्ण भाडे आनंदाने भरणारा व्यापारी प्रवासीही लगेच स्वस्त दराकडे वळला असता. त्यामुळे कंपन्यांनी मागचे दार शोधले. लंडनमधल्या छोट्या एजन्सींना त्या ठोक भावाने जागा देऊ लागल्या आणि एजन्सी आपला नफा धरून त्या विकू लागल्या. अर्ल्स कोर्टसारख्या, परदेशी तरुणांची वर्दळ असलेल्या भागांत ही दुकाने चालत, आणि त्यांना ‘बकेट शॉप’ हे नाव पडले. कागदोपत्री हे व्यवहार बऱ्याचदा पॅकेज सहलींच्या किंवा गटप्रवासाच्या दराखाली दाखवले जात, कारण सहलीच्या पॅकेजमध्ये विमानभाडे वेगळे दाखवावे लागत नसे. काही वेळा निवासाचे नाममात्र कूपन तिकिटाबरोबर दिले जाई आणि कोणताही प्रवासी ते वापरायला जात नसे. ब्रिटिश सरकारला हे सर्व ठाऊक होते, तरी कारवाई क्वचितच झाली. रिकामी विमाने उडवण्यापेक्षा हे बरे, असाच तो सोयीस्कर कानाडोळा होता.

या दुकानांच्या गिऱ्हाइकांत ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने होती. लग्नकार्य, आजारी आईवडील, शाळेच्या सुट्ट्या या कारणांनी मायदेशी येणारा हा प्रवासी तारखेच्या बाबतीत थोडा लवचीक, पैशाच्या बाबतीत काटेकोर आणि मधल्या एखाद्या राजधानीत सहा तास थांबायला तयार असे. थेट मार्गाऐवजी आपल्या देशातून वळसा घालून नेणाऱ्या कंपन्यांना असाच प्रवासी हवा होता, आणि आजही आखाती कंपन्यांच्या स्वस्त भाड्यांमागे हेच गणित आहे.

कायदा हळूहळू व्यवहाराच्या मागे आला. सप्टेंबर 1977 मध्ये फ्रेडी लेकर यांच्या स्कायट्रेनने लंडन–न्यूयॉर्क एकेरी प्रवास 59 पौंडांत उघडपणे विकायला सुरुवात केली. 1978 मध्ये अमेरिकेने देशांतर्गत विमानभाडी नियंत्रणमुक्त केली. पॅरिसच्या न्यायालयात मात्र त्यानंतरही सरकारमान्य दरापेक्षा कमी भावाने तिकिटे विकल्याबद्दल नूव्हेल फ्राँतिएर या सहल कंपनीच्या आणि इतरांच्या जबाबदार व्यक्तींवर फौजदारी खटले चालू होते. ते प्रकरण युरोपीय न्यायालयात गेले आणि 30 एप्रिल 1986 रोजी त्या न्यायालयाने स्पर्धेचे नियम विमान वाहतुकीलाही लागू होतात असा निर्वाळा दिला. या साऱ्या प्रवासात मला हा निकाल सर्वांत मोलाचा वाटतो, कारण स्वस्त तिकीट विकणे हाच गुन्हा ठरवणाऱ्या व्यवस्थेचा पाया त्याने खिळखिळा केला. बकेट शॉपचा चोरटा धंदा पुढे कन्सॉलिडेटरचा रीतसर व्यवसाय झाला.

आज कन्सॉलिडेटर म्हणजे विमान कंपनीशी वार्षिक करार करणारा घाऊक व्यापारी. जाहीर भाड्याशिवाय कंपनी त्याला खासगी ‘नेट’ दर, म्हणजे ज्यावर आपला नफा त्यानेच चढवायचा असा कमी भाव, देते किंवा ठरावीक विक्री गाठल्यावर नंतर प्रोत्साहन रक्कम देते, आणि त्यातला काही वाटा तो पुढच्या एजंटाला सोडतो. भारतात या साखळीला आणखी एका कारणाने बळ मिळाले. पूर्वी एजंटाला प्रत्येक तिकिटावर कंपनीकडून ठरलेले कमिशन मिळे. ते उतरत गेले आणि 2008 च्या अखेरीस बहुतेक मोठ्या कंपन्यांनी ते शून्यावर आणले. आयाटाची मान्यता टिकवायला बँक हमी लागते आणि तिकिटांचे पैसे ठरल्या दिवशी चुकते करावे लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या छोट्या एजंटाला हे झेपत नाही, म्हणून तो मुंबई किंवा दिल्लीच्या कन्सॉलिडेटरकडून तिकीट काढून घेतो. प्रवाशाला दिसतो तो गल्लीतला ओळखीचा एजंट. तिकीट मात्र भलत्याच कार्यालयाच्या खात्यावर निघालेले असते.

बदलावरच्या बंधनांचे मूळ येथे आहे. कंपनी स्वस्त दर देते तो पूर्ण भाड्याचा गिऱ्हाईक तिकडे सरकणार नाही या अटीवर, आणि व्यापारी प्रवाशाला सर्वांत जास्त गरज असते ती तारीख बदलण्याची. तीच सोय काढून घेतली की दोन बाजारपेठा आपोआप वेगळ्या राहतात. म्हणून करारात परतावा नाही, दुसऱ्या कंपनीच्या विमानाने जाता येणार नाही, मार्ग बदलता येणार नाही, तारीख बदलल्यास दंड आणि भाड्यातला फरक भरावा लागेल, अशा अटी असतात. तिकिटावर भाड्याच्या जागी रकमेऐवजी `IT` किंवा `BT` अशी अक्षरे असली आणि शेऱ्यांत `NONREF`, `NONEND` असे शब्द असले, तर ते तिकीट बहुधा अशा कराराखालचे आहे असे समजावे. खरी नेट रक्कम तिकिटावर छापलेली नसल्यामुळे विमानतळावरच्या कर्मचाऱ्याला फरक किती घ्यायचा हे सहसा काढता येत नाही. ‘एजंटाकडे जा’ या उत्तरामागे टाळाटाळ असतेच असे नाही.

हा हिशेब एका कल्पित उदाहरणाने पाहू. पुण्यातले एक ज्येष्ठ जोडपे मुलाकडे न्यू जर्सीला निघाले आहे. कर बाजूला ठेवून एका माणसाचे परतीसह जाहीर भाडे 1,20,000 रुपये आहे. कन्सॉलिडेटरला ते नेट 98,000 ला मिळते, तो 2,500 धरून एजंटाला देतो, आणि एजंट 3,500 ठेवून 1,04,000 ला विकतो. प्रवाशाचे 16,000 वाचले, म्हणजे व्यवहार चांगलाच झाला. पुढे सुनेच्या बाळंतपणामुळे परतीची तारीख तीन आठवडे पुढे न्यावी लागते.

पहिला खर्च कंपनीच्या दंडाचा, समजा 15,000. दुसरा खर्च भाड्यातल्या फरकाचा, आणि खरी गोम येथेच आहे. विमानातल्या सारख्याच जागा कंपनी वेगवेगळ्या भाड्यांच्या आरक्षण वर्गांत वाटते आणि प्रत्येक वर्गाला एक अक्षर असते. मूळ तिकीट समजा `T` या वर्गात आहे आणि करारात फक्त `T` व `Q` हे दोनच वर्ग आहेत. नव्या तारखेला `T` भरला आहे, पण `Q` मोकळा असेल, तर परतीच्या निम्म्या भागाचे नेट भाडे 49,000 वरून 56,000 होते, म्हणजे फरक 7,000. पण त्या दिवशी `Q` ही भरला असेल आणि त्यावरचा `L` तेवढा शिल्लक असेल, तर तो करारात नसल्याने जाहीर भाड्याने हिशेब होतो. परतीच्या भागाचे ते 78,000 असेल तर फरक 29,000 भरतो. कन्सॉलिडेटरचे 1,500 आणि एजंटाचे 1,000 शुल्क धरून पहिल्या स्थितीत माणशी 24,500 आणि दुसऱ्या स्थितीत 46,500 रुपये लागतात. विमानात जागा दोन्ही स्थितींत असते. म्हणूनच ‘जागा आहे, मग इतके पैसे का’ असा वाद होतो. अशा वेळी नुसते ‘तारीख बदला’ न म्हणता, हव्या त्या आठवड्यात मूळ वर्ग कोणत्या दिवशी मोकळा आहे हे एजंटाला पाहायला सांगावे. मंगळवारऐवजी गुरुवार धरल्याने फरकाची रक्कम पूर्णपणे वाचू शकते.

वेळेचेही बंधन आहे. बदल विमान सुटण्यापूर्वी नोंदवला नाही तर प्रवासी ‘नो-शो’ ठरतो, वेगळा दंड लागतो, आणि काही करारांत तिकिटाचे मूल्यच संपते. एजंटाचे कार्यालय रविवारी बंद असते आणि तिकीट नव्याने काढून देणाऱ्या कन्सॉलिडेटरच्या रीइश्यू विभागालाही कामासाठी काही तास लागतात, त्यामुळे शनिवारी रात्री सुचलेला बदल सोमवार पहाटेच्या विमानासाठी बऱ्याचदा उशिराचा ठरतो.

कंपनीनेच उड्डाण रद्द केले किंवा वेळ बदलली, तर मात्र वरच्या दंडाच्या अटी लागू होत नाहीत. तिथे अडचण वेगळी असते. सूचना आरक्षणात नोंदवलेल्या क्रमांकावर जाते आणि तो अनेकदा एजंटाचा असतो, म्हणून तिकीट निघतानाच आपला स्वतःचा मोबाइल क्रमांक त्यात घालून घ्यावा. परताव्याची रक्कमही ज्या वाटेने गेली त्याच वाटेने, म्हणजे कन्सॉलिडेटर आणि एजंट यांच्यामार्फत परत येते. 2020 च्या टाळेबंदीत हजारो प्रवाशांचे पैसे या साखळीत अडकले. 1 ऑक्टोबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातल्या तिकिटांबाबत आदेश देताना, एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचा परतावा कंपनीने द्यावा आणि एजंटाने तो तत्काळ प्रवाशाच्या हाती पोचवावा, असे स्पष्ट केले. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांतही एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी मानला आहे आणि परताव्याची जबाबदारी कंपनीवर टाकली आहे. परतावा न मिळणाऱ्या तिकिटातलेही सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के प्रवास न झाल्यास परत मिळतात. ही रक्कम एजंटाकडे लेखी अर्ज करून मागावी लागते, आणि न मागितल्यामुळे ती पुष्कळदा तशीच पडून राहते.