मक्तेदार हवी ती किंमत लावतो का?

“मक्तेदाराला, म्हणजे बाजारातल्या एकमेव विक्रेत्याला, ‘किंमतकर्ता’ म्हणतात, म्हणजे तो हवी तेवढी किंमत लावून नफा वाढवू शकतो ना?”

नाही. मक्तेदार किंमत ठरवतो, पण त्या किमतीला किती नग खपतील हे मागणी वक्र ठरवतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकाच वेळी त्याच्या हाती नसतात.

समजा, P ही किंमत आणि Q ही नगसंख्या धरून मागणी P = 100 − Q आहे, प्रत्येक नगाचा सीमांत खर्च 20 रुपये आहे आणि स्थिर खर्च शून्य आहे. किंमत 90 रुपये ठेवल्यास 10 नग खपतात आणि नफा 700 रुपये होतो. आणखी एक नग विकल्याने मिळणारी जादा प्राप्ती, म्हणजे सीमांत प्राप्ती, 100 − 2Q असल्याने ती 40 नगांवर सीमांत खर्चाइतकी होते. तेथे किंमत 60 आणि नफा 1600 रुपये, म्हणजेच कमाल. स्थिर खर्च 2000 रुपये असता, तर याच किमतीला 400 रुपये तोटा झाला असता. म्हणून खालील तक्त्यात ‘असामान्य नफा’ लिहिताना ‘शक्य’ हा शब्द गाळू नये.

| बाजार | विक्रेते | दीर्घकालीन नफा |
|---|---|---|
| पूर्ण स्पर्धा | असंख्य | सामान्य |
| मक्तेदारी | एक | असामान्य शक्य |
| मक्तेदारीयुक्त स्पर्धा | अनेक | सामान्य |
| अल्पाधिकार | मोजके | असामान्य शक्य |

तिसऱ्या ओळीत नावामुळे हमखास चूक होते: तेथे वस्तुभेदामुळे किमतीवर थोडे नियंत्रण असते, परंतु प्रवेश मुक्त असल्याने नवे विक्रेते येऊन जादा नफा संपवतात.