रिकव्हरी प्रोग्रॅमचे पत्र

बांधकाम मंजूर कार्यक्रमाच्या मागे पडल्यावर कंत्राटदार अभियंत्याला सुधारित कार्यक्रम, म्हणजेच रिकव्हरी प्रोग्रॅम, सादर करतो. त्यासोबतच्या पत्रात कामाचा वेग कसा वाढवणार आणि त्याचा खर्च कोण उचलणार, हे लिहिलेले असते.

या तरतुदीचा उगम बहुधा ब्रिटिश स्थापत्य करारांत आहे. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना कराराची १९५७ची पहिली आवृत्ती त्यांवरच बेतलेली होती. फिडिकच्या १९८७च्या आवृत्तीतील कलम ४६.१ नुसार वेग वाढवण्यासाठी कंत्राटदाराला जादा मोबदला मिळत नसे. रेड बुक या फिडिकच्याच बांधकाम कराराच्या १९९९च्या आवृत्तीतील कलम ८.६ ने वाढीव माणसे, यंत्रे व कामाचे तास कंत्राटदाराच्या जोखमीवर व खर्चाने ठेवले. शिवाय मालकाला पडणारा जादा खर्च, उदाहरणार्थ रात्रपाळीच्या देखरेखीचा, विलंबाच्या भरपाईव्यतिरिक्त कंत्राटदाराकडूनच वसूल करता येतो. मात्र मुदतवाढीस पात्र कारणाने झालेला विलंब या कलमात बसत नाही. २०१७च्या आवृत्तीत तसा विलंब कमी करण्यासाठी अभियंत्याने दिलेला आदेश हा कामातील बदल मानून त्याचे मूल्य ठरवायचे, असे स्पष्ट केले आहे.

म्हणून पत्रात विलंबाची फोड सर्वांत महत्त्वाची ठरते. समजा, एका पुलाचे काम १० आठवडे मागे आहे. त्यांतले ४ आठवडे जागेचा ताबा उशिरा मिळाल्याने गेले आणि ६ आठवडे कंत्राटदाराचा काँक्रीट प्लांट बंद पडल्याने. या ६ आठवड्यांसाठी गर्डरचा दुसरा कास्टिंग बेड व रात्रपाळी तो स्वखर्चाने देतो. उरलेल्या ४ आठवड्यांसाठी तो मुदतवाढ मागतो. मालकाला मूळ तारीखच हवी असेल, तर पत्रात साधारण असे वाक्य येते: ‘ताब्यातील विलंब भरून काढण्याच्या उपायांचा खर्च मालकाकडे राहील; लेखी आदेश मिळाल्यावरच ते सुरू करू.’ हे वाक्य नसेल, तर सगळी घाई कंत्राटदाराने आपल्याच चुकीपोटी केली, असा अर्थ पुढे लावला जातो. वेगळी सूचनाही द्यावी लागते. १९९९च्या कलम २०.१ प्रमाणे ती २८ दिवसांत दिली नाही, तर दावा बाद होतो.

मुदतवाढ नाकारली गेल्याने नाइलाजाने वाढवलेल्या वेगाचे पैसे मिळावेत का, यावर मतभेद आहेत. अमेरिकी सरकारी करारांच्या निवाड्यांत असा दावा मान्य होतो. इंग्लिश कायदा त्याबाबत साशंक आहे. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेच्या विलंबाविषयीच्या २०१७च्या मार्गदर्शक प्रोटोकॉलचा कल, मुदतवाढीचा वाद आधी सोडवून मगच वेग वाढवावा, असा आहे. तोच मार्ग अधिक सुरक्षित वाटतो.

कार्यक्रम तपासताना साधने न वाढवता नुसतेच कमी केलेले कालावधी शोधतात. गर्डर ओतण्याचे दिवस निम्मे केलेले असतील, पण बेड, साचे व मजूर तेवढेच असतील, तर ती तारीख कागदावरच राहते. क्युरिंगचा काळ तर मजूर वाढवूनही घटत नाही.