गाजर, गोळी आणि फुप्फुसाचा कर्करोग : सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतला फरक

वर्तमानपत्राच्या आरोग्य पानावर दिसायला सारखी, पण अर्थाने फार वेगळी अशी दोन वाक्ये वारंवार आढळतात. “ज्या पुरुषांच्या आहारात गाजर आणि पालक अधिक होते, त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला” हे पहिले, आणि “गाजर-पालक खाल्ल्याने फुप्फुसाचा कर्करोग टळतो” हे दुसरे. बहुतेक वेळा पहिले वाक्य बातमीच्या मजकुरात असते आणि दुसरे मथळ्यात. पहिल्यात सांगितला आहे तो सहसंबंध: त्यात वेगवेगळ्या माणसांच्या दोन गटांची तुलना आहे. दुसऱ्यात कार्यकारणभावाचा दावा आहे, म्हणजे एकाच माणसाबद्दलचा दावा: त्याने गाजर खाल्ले तर काय होईल आणि न खाल्ले तर काय होईल. ही दुसरी तुलना डोळ्यांनी पाहता येत नाही, कारण एक माणूस एकच आयुष्य जगतो. ती अनुमानाने मिळवावी लागते, आणि ते अनुमान कशाच्या आधारावर केले आहे हे शोधणे म्हणजेच बातमी नीट वाचणे.

इंदूरच्या बाजारात थंडीत गाजरे उतरू लागली की आमच्याकडच्या हिंदी आणि मराठी दोन्ही वर्तमानपत्रांत गाजराच्या गुणांवर लेख येऊ लागतात. त्यामुळे उदाहरणासाठी गाजरातील बीटा-कॅरोटीन हे द्रव्यच घेणे सोयीचे आहे. त्याचा इतिहास असा आहे, की त्यात सहसंबंध आणि कार्यकारणभाव हे दोन्ही एकाच अभ्यासात, त्याच माणसांमध्ये, परस्परविरुद्ध दिशांना जाताना दिसले.

हिरव्या आणि पिवळ्या भाज्या अधिक खाणाऱ्यांत, तसेच ज्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीनचे प्रमाण अधिक आहे त्यांच्यात, फुप्फुसाचा कर्करोग कमी असल्याचे अनेक देशांतील अभ्यासांत दिसत होते. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात या माहितीचा आढावा घेतला आणि बीटा-कॅरोटीनमुळे कर्करोगाचे प्रमाण खरोखर कमी होऊ शकेल का, असा प्रश्न विचारला. त्यांनी तो प्रश्न म्हणूनच मांडला होता, हे महत्त्वाचे आहे. हे निरीक्षण भक्कम होते, परंतु त्यातील कोणालाही भाजी किती खावी हे संशोधकांनी ठरवून दिलेले नव्हते. ती निवड ज्याची त्याने केली होती, आणि माणूस भाजीची निवड करतो तेव्हा त्या निवडीमागून त्याच्या बाकीच्या सवयीही येतात. भाज्या भरपूर खाणारे लोक सरासरीने सिगारेट कमी ओढतात. शिवाय धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तात, आहार सारखा असला तरी, बीटा-कॅरोटीन कमी आढळते. म्हणजे रक्तातील कमी पातळी हे कर्करोगाचे कारण नसून, धूम्रपानाची केवळ खूण असण्याचीही शक्यता होती. धूम्रपान या तिसऱ्या घटकाने एकीकडे पातळी खाली आणली आणि दुसरीकडे कर्करोग वाढवला, तर त्या दोहोंत परस्पर काही नाते नसतानाही ते एकत्र दिसणारच.

यावर संशोधक सांगतात, आणि बातमीत ते छापूनही येते, की “वय, धूम्रपान इत्यादी बाबी लक्षात घेऊनही हा संबंध टिकून राहिला.” हे वाक्य वाचून बहुतेक वाचकांचे समाधान होते, मला मात्र तिथेच अधिक थांबावेसे वाटते. धूम्रपान लक्षात घेतले म्हणजे प्रत्येकाला एक प्रश्नावली दिली आणि त्यात रोज किती सिगारेट, किती वर्षे, असे विचारले. धूर किती खोल ओढला जातो, सिगारेट अर्धी टाकली जाते की शेवटपर्यंत ओढली जाते, मधली दोन वर्षे सवय सुटली होती का, उत्तर खरे दिले का, हे त्या रकान्यांत येत नाही. ज्या घटकाचा प्रभाव अतिशय मोठा आहे, त्याचे मोजमाप थोडे जरी कच्चे राहिले, तरी उरलेला अंश एखादा लहान संबंध सहज उभा करू शकतो. हिशेबात घेतलेल्या घटकांची यादी कितीही लांब असो, जे मोजलेच नाही त्याचा हिशेब कोणत्याही गणिताने होत नाही.

म्हणून निवड लोकांच्या हातून काढून घ्यावी लागते. फिनलंडच्या नैऋत्य भागात 50 ते 69 वर्षे वयाच्या 29,133 पुरुषांवर, जे सर्व धूम्रपान करणारे होते, असा प्रयोग झाला. कोणाला रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीनची गोळी मिळेल आणि कोणाला तशीच दिसणारी पण ते द्रव्य नसलेली गोळी मिळेल, हे सोडत काढल्यासारखे केवळ योगायोगाने ठरवले गेले. (ई जीवनसत्त्वाचीही त्याच वेळी अशीच परीक्षा झाली, पण ती येथे बाजूला ठेवू.) अशा वाटणीचा गुण हा, की भाजीची आवड, धूर ओढण्याची तऱ्हा, उत्पन्न, आणि ज्यांचा विचारही कोणाच्या मनात आला नसेल असे सर्व घटक दोन्ही बाजूंना जवळपास सारखे वाटले जातात. मग शेवटी पडणारा फरक गोळीचा असतो, किंवा निव्वळ योगायोगाचा. आणि योगायोग किती मोठा असू शकेल हे गणिताने सांगता येते.

निकाल 1994 मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ते आठ वर्षांच्या काळात, सुमारे साडेचौदा-साडेचौदा हजारांच्या दोन बाजूंपैकी बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे 474 रुग्ण निघाले, तर ते न घेणाऱ्यांत 402. म्हणजे गोळीमुळे कर्करोग कमी तर झाला नाहीच, उलट सुमारे 18 टक्क्यांनी वाढला. अमेरिकेत धूम्रपान करणारे, पूर्वी करत असलेले आणि ॲस्बेस्टॉसशी संपर्क आलेले कामगार अशा 18,314 लोकांवर बीटा-कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व एकत्र देऊन दुसरा प्रयोग चालू होता; त्यातही कर्करोग अधिक दिसल्यामुळे तो जानेवारी 1996 मध्ये ठरलेल्या मुदतीच्या 21 महिने आधी थांबवावा लागला. दोन स्वतंत्र प्रयोगांचे बोट एकाच दिशेला वळले, तेव्हा योगायोगाला फारशी जागा उरली नाही.

याहून बोलकी गोष्ट फिनलंडच्याच आकड्यांत आहे. गोळ्या सुरू करण्यापूर्वी प्रत्येकाचे रक्त तपासले होते आणि आहारही विचारला होता. ज्यांना बीटा-कॅरोटीनची गोळी मिळाली नव्हती, त्यांच्यात सुरुवातीची रक्तातील पातळी ज्यांची अधिक होती, त्यांना पुढे कर्करोग कमी झाला. जुना सहसंबंध जिथल्या तिथे होता. त्याच प्रयोगात, त्याच वयाच्या आणि त्याच सवयीच्या पुरुषांत, “ज्यांच्याकडे ते द्रव्य जास्त होते” ते सुखरूप होते, आणि “ज्यांना ते द्रव्य जास्त दिले” त्यांचे नुकसान झाले. सहसंबंध खोटा नव्हता. त्यावरून काढलेला सल्ला चुकीचा होता.

यातून बातमी वाचणाऱ्याने एक बारकावा ध्यानात घ्यावा. “सोडतीने गट पाडलेला मोठा प्रयोग” एवढे शब्द बातमीत असले म्हणजे तिच्यातील प्रत्येक आकडा कार्यकारणभावाचा ठरत नाही. सोडतीने ज्या दोन बाजू पाडल्या, त्यांचीच तुलना तेवढी या मानाची असते. प्रयोगाच्या आत दुसऱ्या कोणत्याही रेषेने माणसे विभागली, की आपण पुन्हा सहसंबंधात येतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हृदयविकाराच्या रुग्णांवर झालेल्या एका अमेरिकी प्रयोगाचे आहे, ज्याचे विश्लेषण 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. क्लोफायब्रेट हे औषध नियमित, म्हणजे ठरलेल्या मात्रेच्या 80 टक्के किंवा अधिक घेणाऱ्यांत पाच वर्षांतील मृत्यूचे प्रमाण 15.0 टक्के होते, आणि अनियमित घेणाऱ्यांत 24.6 टक्के. एवढेच छापले असते, तर औषध गुणकारी आहे असे कोणीही म्हटले असते. पण औषध नसलेली गोळी नियमित घेणाऱ्यांतही ते प्रमाण 15.1 टक्के होते, आणि अनियमित घेणाऱ्यांत 28.2 टक्के. ज्या गोळीत काहीच नव्हते ती वेळेवर घेणारे लोक अधिक जगले, कारण ती वेळेवर घेणारी माणसेच इतर अनेक बाबतींत वेगळी होती.

कार्यकारणभाव सिद्ध झाला, तरी त्यालाही हद्द असते. फिनलंडचा निकाल धूम्रपान करणाऱ्या प्रौढ पुरुषांचा आहे, आणि गोळीचा आहे, जिने रक्तातील पातळी दहापटीहून अधिक वाढली होती. ताटातल्या गाजराने अपाय होतो असे त्यातून मुळीच निघत नाही. अमेरिकेतील 22,071 पुरुष डॉक्टरांवर, ज्यांच्यात धूम्रपान करणारे थोडेच होते, सुमारे 12 वर्षे झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीनने फायदाही दिसला नाही आणि तोटाही नाही.

मग जिथे सोडत काढणे शक्यच नाही तिथे काय? कोणाला सिगारेट ओढायला लावून प्रयोग करता येत नाही, तरीही सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो असे आपण निःशंकपणे म्हणतो, कारण तिथला सहसंबंध वेगळ्या जातीचा आहे. डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांच्या 1950 च्या अभ्यासात फुप्फुसाचा कर्करोग झालेल्या 649 पुरुषांत धूम्रपान न करणारे फक्त 2 होते, तर तुलनेसाठी घेतलेल्या तितक्याच इतर रुग्णांत 27. पुढे ब्रिटिश डॉक्टरांच्या दीर्घ पाठपुराव्यात सिगारेटची संख्या वाढेल तसा धोका वाढताना आणि सवय सोडल्यावर तो उतरताना दिसला. वीस-तीस टक्क्यांचा फरक एखाद्या न मोजलेल्या सवयीने घडू शकतो. दहा-दहा पटींचा, मात्रेबरोबर चढणारा आणि सोडल्यावर उतरणारा फरक घडवू शकेल असा छुपा घटक इतक्या वर्षांत कोणालाही दाखवता आलेला नाही.

आमच्या रामबागेत राहणाऱ्या साठीच्या एका काकांनी, जे रोज सिगारेट ओढतात, अशीच एक बातमी वाचून मला विचारले होते, “दवा बाजारातून बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या आणून ठेवू का?” मी त्यांना प्रथम बातमीतच पाहायला सांगितले, की गाजर किंवा गोळी कोणी घ्यायची हे कोणी ठरवले होते. मजकुरात सर्वेक्षण, प्रश्नावली आणि पाठपुरावा एवढेच शब्द होते; गट पाडल्याचा उल्लेख नव्हता. मग फिनलंडच्या प्रयोगातील माणसे कोण होती ते त्यांना सांगितले. ती त्यांच्याच वयोगटातील आणि त्यांच्याच सवयीची होती, त्यामुळे गोळीबद्दलचे उत्तर “नको” असे स्पष्ट देता आले. गाजर त्यांनी आवडीने खावे, पण सिगारेटची भरपाई म्हणून नव्हे. सिगारेटविषयी ब्रिटिश डॉक्टरांच्या पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यातील आकडा, जो 2004 मध्ये प्रसिद्ध झाला, तोही त्यांना दाखवला: साठाव्या वर्षी सवय सोडणाऱ्यांना, ती चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, सरासरी सुमारे तीन वर्षांचे आयुष्य अधिक मिळाले.