असुरक्षित लैंगिक संबंधानंतरचा विंडो पीरियड

असुरक्षित लैंगिक संबंधातून संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत ओळखता येईपर्यंत जो काळ जातो, त्याला विंडो पीरियड म्हणतात. लक्षणे दिसू लागेपर्यंतचा परिपाक काळ हा याहून वेगळा असतो आणि या दोन्हींची गल्लत नेहमी होते. विंडो पीरियड आजारावर जितका अवलंबून असतो तितकाच चाचणीवरही असतो. एकाच व्यक्तीच्या एकाच दिवशीच्या रक्तात एचआयव्हीचा संसर्ग एका चाचणीला दिसतो, तर दुसरीला दिसत नाही. त्यामुळे ‘किती दिवसांनी तपासावे’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणती चाचणी’ हे कळल्याखेरीज देता येत नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. शरीरात शिरल्यावर पहिले सुमारे दहा दिवस विषाणू प्रवेशाच्या जागेजवळच्या ऊतींत आणि लसीकाग्रंथींत वाढत असतो, आणि या काळात कोणतीच उपलब्ध चाचणी त्याला रक्तात पकडू शकत नाही. त्यानंतर प्रथम विषाणूची जनुकीय सामग्री, म्हणजे आरएनए, रक्तात मोजता येऊ लागते. मग काही दिवसांनी विषाणूच्या गाभ्यातील पी२४ हे प्रथिन दिसते आणि सर्वांत शेवटी शरीराने स्वतः तयार केलेली प्रतिपिंडे दिसतात. प्रतिपिंडे वाढू लागली की ती पी२४ला चिकटतात आणि मोकळे पी२४ पुन्हा कमी होते. म्हणून केवळ पी२४ शोधणारी चाचणी काही आठवड्यांनी निरुपयोगी ठरते, तर केवळ प्रतिपिंडे शोधणारी चाचणी सुरुवातीला आंधळी असते. चौथ्या पिढीची म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळेतील चाचणी दोन्ही एकाच वेळी शोधते, आणि तिची खरी ताकद यातच आहे.

शिरेतून काढलेल्या रक्तावर केलेली ही चौथ्या पिढीची चाचणी १८ ते ४५ दिवसांत संसर्ग दाखवते. याचा अर्थ १८व्या दिवशी अनेकांचा संसर्ग दिसू लागलेला असतो, पण ‘नाही’ हे उत्तर पक्के धरायचे तर ४५ दिवस पुरे झालेले असले पाहिजेत. बोटाला टोचून केलेल्या रॅपिड चाचणीसाठी मात्र ९० दिवसांची मुदत धरतात. तिच्यावर पी२४ शोधण्याची सोय असल्याचे लिहिलेले असले तरी मुदत तीच राहते, कारण थेंबभर अख्ख्या रक्तावर तो भाग तितका संवेदनक्षम राहत नाही. घरी तोंडातील द्रवावर करायच्या किटलाही ९० दिवसच लागतात. आरएनए चाचणी १० ते ३३ दिवसांत उत्तर देते, पण ती महाग असते आणि सरसकट करण्याची गरज नसते. संबंधानंतर दोन ते चार आठवड्यांत ताप, घसा दुखणे, अंगावर पुरळ, गाठी सुजणे असे काही झाले तर मात्र ती मागावी. अशा वेळी साध्या रॅपिड चाचणीचा निगेटिव्ह अहवाल हाती घेऊन घरी जाणे, ही या क्षेत्रातील सर्वांत परिचित चूक आहे.

यावरून पहिल्या दोन-तीन दिवसांत केलेली चाचणी वाया जाते असे वाटेल, पण तसे नाही. ती आधीची स्थिती सांगते. त्या दिवशी पॉझिटिव्ह आलेला अहवाल परवाच्या संबंधाचा असू शकत नाही; तो संसर्ग जुना असतो. शिवाय एचआयव्हीचा संसर्ग रोखण्यासाठीची पेप नावाची औषधे सुरू करायची असतील, तर ही पायाभूत तपासणी लागतेच. पेप ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितक्या लवकर शक्य असेल तितक्या लवकर सुरू करावी लागते आणि २८ दिवस घ्यावी लागते. अहवालाची वाट पाहत पहिली गोळी लांबवू नये. पेपच्या नेहमीच्या गोळ्यांतील काही औषधे हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबतात. ज्याला हा आजार आधीपासून आहे पण माहीत नाही, त्याची पेप संपताच यकृताचा दाह उसळू शकतो. म्हणून पहिल्या दिवशी एचआयव्हीबरोबर हिपॅटायटिस बीच्या पृष्ठभागीय प्रतिजनाची, म्हणजे एचबीएसएजीची, चाचणीही करतात.

परमा, म्हणजे गोनोरिया, आणि क्लॅमिडिया या जिवाणूंमुळे होणाऱ्या आजारांच्या चाचणीत शरीराच्या प्रतिसादाची वाट पाहावी लागत नाही, कारण त्यात जंतूचीच जनुकीय सामग्री शोधतात. त्यामुळे दोन आठवडे पुरतात. येथे खरा घोळ तारखेपेक्षा नमुन्याच्या जागेत होतो. लघवीची चाचणी मूत्रमार्गाबद्दल सांगते. घशात किंवा गुदाशयात असलेल्या परम्याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि त्या दोन्ही ठिकाणी तो बहुधा लक्षणांशिवाय राहतो. जिथे संबंध आला, तिथला नमुना घ्यावा. लघवीचा नमुना धारेच्या सुरुवातीचा असावा आणि त्याआधी किमान तासभर लघवी केलेली नसावी. स्त्रियांमध्ये योनीतून घेतलेला फाया लघवीपेक्षा अधिक भरवशाचा ठरतो आणि तो स्वतः घेतला तरी चालतो. स्राव, जळजळ किंवा ओटीपोटात दुखणे असेल तर दोन आठवडे थांबायचे नसते. त्याच दिवशी तपासावे. उपचारानंतर लगेच पुन्हा चाचणी करण्याचा मोह होतो, पण मेलेल्या जंतूंचे अवशेषही तीन-चार आठवडे पॉझिटिव्ह उत्तर देऊ शकतात. पुन्हा लागण झाली का हे पाहण्यासाठी तीन महिन्यांनंतरची चाचणी अधिक उपयोगी पडते.

गरमी, म्हणजे सिफिलिस, हा या यादीतील सर्वांत संथ आजार आहे. पहिला व्रण संबंधानंतर १० ते ९० दिवसांत, सरासरी २१व्या दिवसाच्या आसपास उठतो. तो दुखत नाही, तोंडात किंवा गुदद्वाराच्या आत असेल तर दिसतही नाही, आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रक्तचाचणी व्रण उठल्यानंतरही एक ते चार आठवडे निगेटिव्ह राहू शकते. म्हणूनच सहा आठवड्यांची चाचणी उपयोगी असली तरी शेवटची नसते. बारा आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. ज्यांना पूर्वी गरमी होऊन गेली आहे, त्यांची ट्रेपोनेमल, म्हणजे खास या जंतूविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी, चाचणी बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. नवी लागण ओळखण्यासाठी त्यांना व्हीडीआरएल किंवा आरपीआर या दुसऱ्या प्रकारच्या रक्तचाचणीतील पातळी जुन्या अहवालाशी ताडून पाहावी लागते. पातळी चौपट वाढलेली दिसली, उदाहरणार्थ १:२ वरून १:८ झाली, तर नवी लागण धरतात. मधल्या काळात कोणी मनाने एखादे प्रतिजैविक घेतले तर व्रण दबतो, पण जंतू पूर्ण मरतोच असे नाही, आणि मग तारखांचे सारे गणित बिघडते.

हिपॅटायटिस बीबाबत लस आधी येते, चाचणी नंतर. लस न घेतलेल्या व्यक्तीला पहिला डोस शक्यतो २४ तासांच्या आत द्यावा. एचबीएसएजी साधारण महिनाभरात दिसते, कधी नऊ-दहा आठवडेही लागतात. इथे एक छोटा सापळा आहे: लसीतील घटक आणि चाचणीत शोधला जाणारा घटक एकच असल्याने डोसानंतर सुमारे १८ दिवसांपर्यंत अहवाल खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून रक्त आधी काढावे, सुई नंतर टोचावी. हिपॅटायटिस सी लैंगिक संबंधातून तुलनेने कमी पसरतो. त्याची प्रतिपिंडे आठ ते अकरा आठवड्यांत दिसतात. जननेंद्रियावरची नागीण, म्हणजे हर्पिस, आणि मस आणणारा एचपीव्ही हा विषाणू यांच्यासाठी मात्र अशी तारीख देताच येत नाही. नागीण असेल तर ताज्या फोडातील द्रव तपासतात. फोड नसताना केलेली रक्तचाचणी बहुधा गोंधळच वाढवते.

या सर्व मुदती एका दिनदर्शिकेवर कशा बसतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका व्यक्तीचा संबंध १ मार्चला रात्री ११ वाजता आला, समोरच्याची स्थिती माहीत नाही आणि हिपॅटायटिस बीची लस पूर्वी घेतलेली नाही. पेपची मुदत ४ मार्चला रात्री ११ वाजता संपते. ती व्यक्ती ३ मार्चला सकाळी ९ वाजता, म्हणजे ३४ तासांनी, डॉक्टरांकडे पोहोचते. तेव्हा एचआयव्ही, सिफिलिस आणि एचबीएसएजीसाठी रक्त काढले जाते, लसीचा पहिला डोस दिला जातो आणि पेपची पहिली गोळी तिथेच घेतली जाते. शेवटची गोळी ३० मार्चला येते. १५ मार्चला, चौदाव्या दिवशी, परमा आणि क्लॅमिडियाचे नमुने घ्यायचे. लसीचा दुसरा डोस एप्रिलच्या सुरुवातीला घ्यायचा.

१५ एप्रिल हा पंचेचाळिसावा दिवस. पेप घेतली नसती तर त्या दिवशीची चौथ्या पिढीची प्रयोगशाळेतील चाचणी एचआयव्हीपुरती अंतिम ठरली असती. पेपमुळे मात्र विषाणू आणि प्रतिपिंडे दोन्ही उशिरा दिसण्याची शक्यता असते. म्हणून १५ एप्रिलची एचआयव्ही चाचणी तात्पुरती समजायची आणि त्याच रक्तावर सिफिलिसची पहिली फेरीही उरकायची. पेप संपल्यापासूनचे ४५ दिवस १४ मे रोजी भरतात, आणि संबंधापासूनचे बारा आठवडे २४ मे रोजी. त्यामुळे २४ मेची एकच भेट एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्हींचे अंतिम उत्तर देते, आणि हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडेही त्याच रक्तात पाहता येतात. हाताशी केवळ रॅपिड किट असेल तर एचआयव्हीची ही अंतिम चाचणी २८ जूनपर्यंत, म्हणजे पेप संपल्यापासूनच्या नव्वदाव्या दिवसापर्यंत, पुढे ढकलावी. लस न घेतलेल्या अवस्थेत संपर्क आल्याने हिपॅटायटिस बीचा अंतिम निकाल सहा महिन्यांनी, ३ सप्टेंबरच्या सुमारास, तिसऱ्या डोसाच्या भेटीत लागतो. रक्त त्या वेळीही डोसाच्या आधीच काढायचे. अंतिम उत्तर मिळेपर्यंत प्रत्येक संबंधात कंडोम वापरायचा आणि रक्तदान करायचे नाही. मध्ये पुन्हा असुरक्षित संबंध आला, तर त्या दिवसापासूनची मोजणी वेगळी सुरू होते, आणि २४ मेचा अहवाल केवळ १ मार्चपुरता खरा राहतो.