दोन शब्दांचा घोळ: नायसिया ते कॉन्स्टँटिनोपल, ३२५ ते ३८१

देव एकच, पण पिता, पुत्र म्हणजे ख्रिस्त, आणि पवित्र आत्मा असे तिघे, हा ख्रिस्ती सिद्धांत म्हणजे त्रैक्य. त्यावरच्या उत्तरपत्रिकांमध्ये एक वाक्य हमखास येतं: 'एरियसने ख्रिस्ताचं देवत्व नाकारलं, ३२५ साली नायसियाच्या परिषदेने त्याला पाखंडी ठरवलं आणि वाद मिटला.' या वाक्याचा मधला भाग तेवढा खरा आहे. एरियस ख्रिस्ताला देवच म्हणत होता आणि त्याची उपासनाही करत होता. आणि वाद मिटायचा तर सोडाच, नायसियानंतरच तो खरा पेटला. याच्या मुळाशी ऊसिया आणि हिपोस्टॅसिस या दोन ग्रीक शब्दांचा घोळ होता. असं का झालं हे समजलं की त्रैक्याचा सिद्धांत पाठ करावा लागत नाही.

एरियस हा अलेक्झांड्रियातला प्रेस्बिटर, बौकालिस नावाच्या मंडळीचा पाळक. ३१८च्या सुमारास त्याचं बिशप अलेक्झांडरशी बिनसलं. बिशप म्हणत, पिता सनातन आहे तसा पुत्रही सनातन. एरियसला यात सबेलियसचा वास आला, म्हणजे पिता, पुत्र आणि आत्मा ही एकाच देवाने वेळोवेळी घेतलेली नावं किंवा सोंगं आहेत, हे आधीच नाकारलं गेलेलं मत. त्याचा स्वतःचा विचार साधा होता आणि म्हणूनच लोकांना पटत होता. देव एकच आणि तो अजन्मा. पुत्र जन्मलेला आहे असं शास्त्रच सांगतं. ज्याला जन्म आहे त्याला आरंभ आहे. म्हणून 'तो नव्हता, असं कधीतरी होतं.' या वाक्यात त्याने 'काळ' हा शब्द मुद्दाम टाळला आहे, कारण त्याच्या मते पुत्र काळाच्याही आधी निर्माण झाला. तो सर्व सृष्टीहून श्रेष्ठ, पण निर्मितच.

त्याचं आवडतं वचन नीतिसूत्रे ८:२२. तिथे ज्ञान बोलतं, आणि ग्रीक भाषांतरात ते म्हणतं की परमेश्वराने मला 'निर्माण केलं'. मूळ हिब्रू क्रियापदाचा अर्थ 'प्राप्त केलं, जवळ बाळगलं' असाही होतो. पण वाद ग्रीकमध्ये चालला होता, आणि हे ज्ञान म्हणजे पुत्रच, हे दोन्ही पक्षांना मान्य होतं. त्यामुळे या एका क्रियापदाने एरियसच्या विरोधकांना बराच घाम फोडला.

सम्राट कॉन्स्टंटाईनने नायसियाला (आजचं तुर्कस्तानातलं इझनिक) परिषद बोलावली. तिथे काय घडलं ते अथनेशियसने पुढे लिहून ठेवलं आहे. तो तेव्हा अलेक्झांडरबरोबर आलेला तरुण डीकन होता. बिशपांना पवित्र शास्त्रातलेच शब्द वापरायचे होते. त्यांनी म्हटलं, पुत्र 'देवापासून' आहे असं लिहू. एरियसच्या बाजूचे लोक आपसात डोळ्यांनी खुणा करू लागले: चालेल की, सगळंच देवापासून आहे असं पौलही करिंथकरांना लिहितो. एकेक शब्द पुढे यायचा आणि तो त्यांनाही मान्य व्हायचा. शेवटी त्यांना मान्य होणारच नाही असा शब्द शोधावा लागला, आणि तो शास्त्राबाहेरून आला: पुत्र पित्याच्या ऊसियापासून आहे, पित्याशी 'होमोऊसियोस' आहे. ऊसिया म्हणजे सत्त्व, एखादी गोष्ट मुळात जे असते ते. होमोऊसियोस म्हणजे त्याच सत्त्वाचा. सोबत 'जनित, निर्मित नव्हे' हेही आलं. जन्म आणि निर्मिती या दोन गोष्टी एरियसने एक केल्या होत्या; परिषदेने त्या वेगळ्या केल्या. सुतार टेबल करतो तेव्हा टेबल सुतार होत नाही. पण माणसाच्या पोटी माणूसच जन्मतो. एरियस आणि त्याच्यासोबतचे लिबियाचे दोन बिशप हद्दपार झाले.

आता घोळ पाहा. होमोऊसियोस हा शब्द ज्यांनी मान्य केला त्यांतल्याही अनेकांना तो खुपत होता. तो शास्त्रात नाही. तो आधी ज्ञेयवाद्यांनी, म्हणजे गूढ ज्ञानाने तारण होतं असं मानणाऱ्या पंथांनी वापरलेला. 'त्याच सत्त्वाचा' म्हणजे 'तोच' असा अर्थ घेतला, तर पिता आणि पुत्र यांत फरक काय उरतो? म्हणजे पुन्हा सबेलियस. भर म्हणून नायसियाच्या मतांगीकाराच्या, म्हणजे परिषदेने ठरवलेल्या श्रद्धेच्या निवेदनाच्या, शेवटी जो शापाचा भाग आहे, त्यात पुत्र 'दुसऱ्या हिपोस्टॅसिसचा किंवा ऊसियाचा' आहे असं म्हणणाऱ्यांचा निषेध आहे. हिपोस्टॅसिस म्हणजे खरोखरचं अस्तित्व, पण हे दोन शब्द तिथे जणू एकाच अर्थाचे म्हणून येतात. पूर्वेकडे तर तिसऱ्या शतकातल्या ओरिगेन या ग्रीक लेखकापासून 'तीन हिपोस्टॅसिस' म्हणायची पद्धत होती. त्यांच्या कानाला नायसिया तीन नाकारते आहे असंच ऐकू आलं. पश्चिमेची अडचण उलटी. तिथे तर्तुलियन या लॅटिन लेखकापासून 'एक सब्स्टान्शिया, तीन पर्सोना', म्हणजे एक सत्त्व, तीन व्यक्ती, असं रूढ होतं, आणि हिपोस्टॅसिसचं शब्दशः लॅटिन होतं सब्स्टान्शिया. ग्रीक बिशप 'तीन हिपोस्टॅसिस' म्हणाला की लॅटिन कानाला 'तीन देव' ऐकू यायचं.

त्यामुळे पुढची चाळीस वर्षं एकामागून एक परिषदा आणि एकामागून एक मतांगीकार. ३५७ साली सिर्मियमला तर ऊसिया हा शब्दच वापरायचा नाही असं ठरलं. ३६० साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये पुत्र पित्यासारखा आहे, एवढंच राजमान्य झालं. या काळात अथनेशियस, जो आता अलेक्झांड्रियाचा बिशप होता, पाच वेळा हद्दपार झाला.

माझ्या मते गाठ सुटली ती ३६२ साली अलेक्झांड्रियात, एका छोट्या बैठकीत. अंत्युखियाच्या मंडळीत नायसिया मानणारेच दोन गट झाले होते. अथनेशियसने त्यांच्या शब्दांवर निकाल दिला नाही. त्यांना अर्थ विचारला. 'तीन हिपोस्टॅसिस' म्हणणाऱ्यांना प्रश्न: सोनं, चांदी, पितळ यांसारखे तीन भिन्न पदार्थ म्हणायचे आहेत का? तीन देव? ते म्हणाले, नाही. त्रैक्य नावापुरतं नाही, पिता, पुत्र आणि आत्मा खरोखर आहेत, एवढंच म्हणतो. मग 'एक हिपोस्टॅसिस' म्हणणाऱ्यांना: सबेलियससारखं पुत्राला आणि आत्म्याला पुसून टाकता का? तेही नाही म्हणाले. हिपोस्टॅसिस म्हणजे आम्ही ऊसियाच समजतो. दोघांनी एकमेकांचं म्हणणं शुद्ध असल्याचं मान्य केलं. अंत्युखियातली फूट मात्र मिटली नाही, कारण या बैठकीचं पत्र तिथे पोहोचण्याआधीच तिथे एका गटासाठी वेगळा बिशप अभिषिक्त झाला होता.

दोन शब्दांना कायमचे दोन अर्थ दिले ते कप्पदुकियाच्या तिघांनी: कैसरियाचा बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी. ऊसिया म्हणजे जे सामाईक आहे ते. हिपोस्टॅसिस म्हणजे जे ज्याचं त्याचं आहे ते. पिता अजनित, पुत्र जनित, आत्मा पित्यापासून निघणारा. तिघांत फरक एवढाच. इच्छा, सामर्थ्य, महिमा यांत फरक नाही. म्हणून 'एक ऊसिया, तीन हिपोस्टॅसिस'.

मराठीत उत्तर लिहिताना इथेच पाय घसरतो. 'एका देवाची तीन रूपे' हे आपल्याला सहज सुचतं, पण परीक्षकाच्या लेखी ते सबेलियसचं मत आहे. पाणी, बर्फ, वाफ हा दाखलाही त्याच वाटेने जातो, कारण तेच पाणी एका वेळी तिन्ही नसतं. त्रिमूर्तीशी तुलना केली की तिघांना तीन कामं वाटून दिली जातात, आणि कप्पदुकियाच्या तिघांचा आग्रह नेमका उलटा होता: प्रत्येक काम पित्यापासून, पुत्राद्वारे, आत्म्यात पूर्ण होणारं एकच काम. हिपोस्टॅसिससाठी 'व्यक्ती' हा शब्द लिहावाच लागतो, पण तीन स्वतंत्र माणसं डोळ्यांसमोर येणार नाहीत अशी एक ओळ त्याला जोडावी.

३८१च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडल्या गेलेल्या मतांगीकारात आत्म्याविषयीचा भाग आला: प्रभू, जीवनदाता, पित्यापासून निघणारा, पिता आणि पुत्र यांच्याबरोबर ज्याची उपासना आणि गौरव होतो. त्यात आत्म्याला होमोऊसियोस म्हटलेलं नाही, 'देव' असंही थेट म्हटलेलं नाही. बेसिलने आपल्या ग्रंथात हीच वाट धरली होती: शास्त्रात नसलेला, भांडण लावणारा शब्द टाळून, ज्याची पित्यासोबत उपासना होते तो निर्मित असू शकत नाही, एवढं सांगायचं. नाझियान्झसच्या ग्रेगरीला हे अपुरं वाटलं. तो आत्म्याला उघडपणे देव आणि होमोऊसियोस म्हणत होता, आणि परिषद सुरू असतानाच तो तिथलं बिशपपद सोडून घरी परतला.