भराभर कट मारले की लहान मुलं खिळून राहतात?

“तीन वर्षांच्या मुलांसाठी ॲनिमेशन करतोय. त्यांचं लक्ष टिकत नाही, म्हणून दर दोन सेकंदांनी कट हवा ना?”

नको. चित्र बदललं की मान वळते खरी, पण ती तिथे टिकते गोष्ट कळली तरच. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डॅनियल अँडरसन आणि सहकाऱ्यांनी मुलांना एका कार्यक्रमाचे शॉट उलटसुलट क्रमाने दाखवले, संवाद उलटे ऐकवले. चित्रं तीच, तरी मुलांची नजर हटली. हेच अँडरसन पुढे १९९६ साली सुरू झालेल्या ‘ब्लूज क्लूज’ या लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाचे सल्लागार होते. तिथे निवेदक प्रश्न विचारून चक्क गप्प उभा राहायचा (आपल्याकडचा संपादक तो विराम आधी कापेल!) आणि एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज लागायचा.

समजा, शाळेला निघालेल्या मुलीची चप्पल पलंगाखाली गेलीय. तीन वर्षांच्या मुलासाठी मुलगी, पलंग आणि चप्पल एकाच शॉटमध्ये ठेवा, मागची भिंत मोकळी. क्लोज-अप हवाच तर कॅमेरा हळूच तिथवर न्या. थेट कट मारलात तर त्याला ती दुसरीच चप्पल वाटू शकते. आठ वर्षांचं मूल हा कट सहज जोडतं, मध्येच बाहेर थांबलेली स्कूलबस दाखवलीत तरी चालेल. पंधराव्या वर्षी चप्पल दाखवूच नका, प्रार्थनेच्या रांगेतले अनवाणी पाय पुरतात.

कच्चा भाग दाखवताना मध्येच थांबवा आणि विचारा, “चप्पल कुठंय?” मूल पडद्यावर बोट ठेवण्याऐवजी तुमच्याकडे बघत राहिलं, तर तो शॉट लांबवा.